कथेतील कलाटणी : ‘प्रमुख पाहुण्यांचा परिचय’

प्रास्ताविक

व्यक्तिचित्र आणि कथा यांतील सीमारेषा ग्रामीण साहित्यात अनेकदा पुसट असते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ (१९४९) या पुस्तकातील लेखन व्यक्तिचित्रे म्हणून प्रसिद्ध आहे. तरी त्यात कथेचा आस्वादही मिळतो. मग व्यक्तिचित्राची कथा नेमकी कोठे होते? हे पाहण्यासाठी या घटकात एक कथानक कल्पिले आहे.

कथानक

कोयना आणि केरा या नद्यांच्या संगमावरील पाटण गावी महाविद्यालयात जागतिक महिला दिनाचा कार्यक्रम आहे. प्रमुख पाहुणी म्हणून जवळच्या वाडीतील एका वृद्ध सुईणीला बोलावले आहे. परिचय करून देण्याचे काम तिच्याच नातीकडे, म्हणजे निवेदिकेकडे येते. परिचयाचा ठरलेला साचा असतो : जन्म, शिक्षण, पदे, पुरस्कार. आजीपाशी यांतले काहीच नाही. नात ‘निवृत्त सुईण’ असे लिहिते आणि त्या शब्दापाशी थबकते. आजीला कोणी नेमले नव्हते, निरोपही दिला नव्हता. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली आणि रात्री-अपरात्री दार वाजायचे थांबले, एवढेच.

रिकाम्या जागा भरून काढण्यासाठी नात एक वाक्य लिहिते : ‘त्यांच्या हातून एकही बाळ दगावले नाही.’ आदल्या रात्री ती मजकूर वाचून दाखवते. आजी म्हणते, “त्ये खोडून टाक. एक ल्येकरू गेलंय माज्या हातनं.” मग ती सांगते : बाळंतीण सुखरूप सुटली, नाळ घरच्या विळ्याने कापली, वर चुलीतली राख लावली. आठव्या दिवशी बाळ दूध ओढीना. जबडा आवळला, अंग ताठले. पुढे आरोग्य केंद्रातील दाई प्रशिक्षणात तिला कारण कळले. त्यानंतर साबणाने धुतलेले हात, स्वच्छ जागा, नवे पाते, नाळ बांधायला स्वच्छ दोरा आणि नाळेवर काहीही न लावणे, हे तिने कधी चुकवले नाही.

कार्यक्रमात नात वाचत वाचत त्या ओळीपाशी येते, थांबते आणि कागद बाजूला ठेवून म्हणते, “एक बाळ गेलं. त्यानंतर तिनं विळा हाती धरला नाही.” सभागृह शांत होते. शाल-श्रीफळ स्वीकारून आजी खुर्चीवर बसते आणि नातीच्या कानाशी लागून विचारते, “त्या बाईचं नाव न्हाई न्हवं घेतलंस?” येथे कथा संपते.

विवेचन

आजी कशी आहे एवढेच सांगून लेखन थांबले असते, तर ते व्यक्तिचित्र ठरले असते. खोडलेल्या वाक्यामुळे नातीपुढे निवड उभी राहते : आजीची प्रतिमा राखायची की आजीचे म्हणणे राखायचे? ती निवड करते आणि त्या क्षणी व्यक्तिचित्राची कथा होते.

बाळाच्या मृत्यूचा तपशील येथे सजावटीसाठी आलेला नाही. ही लक्षणे नवजात बालकाच्या धनुर्वाताची आहेत. त्याचे जंतू माती आणि शेणात असतात, अस्वच्छ पात्यातून किंवा नाळेवर लावलेल्या पदार्थातून शरीरात जातात आणि काही दिवसांनी लक्षणे दिसतात. बाळ जन्मतः सुदृढ असल्याने दोष कोणाच्या ध्यानीही आला नसता. आजीने तो आपणहून स्वीकारला, यात तिची थोरवी आहे. लेखकाने हे दिवस आणि ही लक्षणे चुकीची दिली असती, तर कबुलीवरचा विश्वास उडाला असता.

भाषेकडेही लक्ष द्यावे. लिखित परिचयात आजी ‘त्या’ आहेत. न लिहिलेल्या वाक्यात ती ‘ती’ होते. हा अनादर नव्हे. घरात आजीला ‘अगं’ म्हणणारी नात व्यासपीठावरील औपचारिकता सोडून नात्याच्या भाषेत येते. कलाटणी सर्वनामात उमटली आहे; तिच्यासाठी वेगळे भाष्य लागत नाही.

शेवटचा प्रश्न आजीच्या व्यवसायाचा धर्म सांगतो. स्वतःची चूक गावापुढे आली याची तिला खंत नाही. त्या आईचे दुःख चव्हाट्यावर येऊ नये, ही काळजी आहे. शेवटी टाळ्यांचा कडकडाट दाखवला असता, तर कथा पुन्हा सत्कारसमारंभाच्या साच्यात गेली असती.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. हीच कथा आजीच्या निवेदनातून सांगितल्यास कोणता ताण नाहीसा होईल?
२. ‘निवृत्त’ या शब्दातील उपरोध कथानकाच्या आधारे स्पष्ट करा.