तारीख बदलल्यास आगाऊ रकमेचे काय होते?

लग्नाच्या जेवणाचे काम स्वीकारताना केटरर यजमानाला जे पत्र देतो, त्यात अनेकदा ‘आगाऊ रक्कम परत मिळणार नाही’ एवढे एकच वाक्य असते. परंतु त्या रकमेत दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात आणि तारीख बदलली की वाद तेथूनच सुरू होतो. पहिली गोष्ट म्हणजे विसार, अर्थात त्या मुहूर्तावर दुसरे काम न घेण्याबद्दल दिलेली रक्कम, आणि दुसरी म्हणजे बिलाचा आधी भरलेला हप्ता. चांगल्या पत्रात या दोहोंचे आकडे स्वतंत्रपणे लिहिलेले असले पाहिजेत.

उदाहरणार्थ, 400 पानांचे काम ताटामागे 450 रुपये दराने ठरले, तर एकूण 1,80,000 रुपये होतात आणि त्यापोटी घेतलेल्या 45,000 रुपयांपैकी 15,000 विसार व 30,000 हप्ता मानता येतो. घरात सुतक आल्यामुळे तारीख पुढे गेली आणि तसे लेखी कळवणे 25 दिवस आधी झाले, तर किराणा भरलेला नसल्याने हप्ता पूर्णपणे नव्या तारखेकडे वळतो. विसाराचा निर्णय मात्र जुन्या तारखेला दुसरे काम मिळते की नाही यावर अवलंबून राहतो, आणि ते मिळाल्यास तोही वळता करणे न्याय्य ठरते.

तीन दिवस आधी कळवले, तर हिशोब बदलतो. तांदूळ, डाळ, तेल पुढच्या कामाला चालत असल्याने त्यांची खरेदी हा तोटा नव्हे. श्रीखंडासाठी आणलेला चक्का व पनीर यांचे 8,000 रुपये आणि आचारी-वाढप्यांना दिलेली, परत न येणारी 6,000 रुपयांची उचल हा मात्र खरा तोटा असून तो पावत्या दाखवून वजा केल्यास हप्त्यातील 16,000 रुपये उरतात. लगीनसराईतही इतक्या उशिरा मोकळा झालेला दिवस सहसा भरत नाही, म्हणून विसारही केटररकडेच राहतो.

भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 नुसार, करारभंगासाठी करारात रक्कम लिहिलेली असली तरी वाजवी भरपाईच मिळू शकते आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. त्यामुळे सर्व रक्कम जप्त करणारे सरसकट वाक्य वादात टिकेलच याची शाश्वती नसते.

नव्या तारखेला केटररच अन्यत्र गुंतलेला असेल, ही शक्यता पत्रांत बहुधा सुटून जाते. तेव्हा रक्कम वळवण्याजोगे काही उरत नाही, म्हणून प्रत्यक्ष खर्च वजा जाता हप्ता किती दिवसांत रोख परत होईल आणि दिवसांची मोजणी लेखी सूचना पोहोचल्याच्या तारखेपासूनच होईल, हे पत्रात स्पष्ट लिहावे लागते.