गाडी थंडी असतानाच पाहा लागते

जुनी मोटारसायकल घ्यायची तर ओळखीच्या मिस्त्रीला सोबत न्यायचे, ही जळगाव जामोद तालुक्याच्या गावांतली नेहमीची रीत. या रीतीत एक पेच आहे. सौदा जमला तर विकणारा मिस्त्रीला चहापाण्याचे काही देतो, आणि गाडी खराब निघाली तर तिचे इंजिन उघडायचे कामही त्याच मिस्त्रीकडे येते. म्हणजे खोट्या सल्ल्यात त्याचा दोनदा फायदा आहे आणि खऱ्या सल्ल्यात दोनदा तोटा. म्हणून प्रामाणिक सल्ला कसा ओळखायचा, हे घेणाऱ्याला कळायला हवे. खरा मिस्त्री गाडीचा दोष बोट ठेवून दाखवतो, तो दुरुस्त करायला किती खर्च येईल ते सांगतो आणि वेळ आली तर 'घेऊ नको' असेही म्हणतो. पुढचा सौदा नमुन्यादाखल मांडलेला आहे आणि त्यातल्या रकमा उदाहरणाच्या आहेत. गाडी तपासण्याची पद्धत आणि कागदांचे नियम मात्र कुठल्याही सौद्याला लागू पडतात.

मुलगा बावीस वर्षांचा, घरी पाच एकर कोरडवाहू कापूस आणि सोयाबीन. त्याच्या मनात नवी, दीडशे सीसीच्या वरची गाडी होती. मिस्त्रीने गाडीबद्दल बोलण्याआधी तीन प्रश्न विचारले. "रोज कुठी जा लागते तुले? गाडीवर काय नेशीन? आन् पैसा कवा येते हातात?" उत्तरे साधी होती. रोज शेत, आठवड्याला आसलगावचा बाजार, कधीतरी नांदुऱ्याचे स्टेशन किंवा शेगाव. ओझे म्हणजे फवारणीचा पंप, खताचे पोते, मागे आई नाहीतर बहीण. पैसा सोयाबीन आणि कापूस विकल्यावर.

तिसऱ्या उत्तराने नव्या गाडीचा विषय संपला. हप्ता दर महिन्याला येतो. पीक तसे येत नाही. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास निघते, कापसाच्या वेचण्या त्यानंतर दोन-तीन महिने चालतात, आणि मग पुढच्या हंगामापर्यंत घरातून पैसा फक्त बाहेर जातो. जूनमध्ये बियाणे आणि खत असते, हप्ताही असतो. शिवाय कर्जाचा दर सांगायची एक पद्धत फसवी आहे. सत्तर हजारांचे कर्ज, चोवीस हप्ते, 'फ्लॅट' १२ टक्के. यात दोन्ही वर्षे पूर्ण सत्तर हजारांवर व्याज धरतात. ते १६,८०० रुपये होते आणि हप्ता सुमारे ३,६१७ रुपयांचा बसतो. पण मुद्दल तर दर महिन्याला कमी होत असते. उरलेल्या मुद्दलावर हिशेब केला तर हाच दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास निघतो. मिस्त्रीने हा हिशेब कागदावर मांडला नाही. त्याने एवढेच विचारले, की श्रावणात हप्ता कशातून भरणार. मुलाकडे उत्तर नव्हते. हातात पन्नास हजारांच्या आतले रोख पैसे होते आणि त्यात शंभर सीसीची जुनी गाडी बसत होती.

गाडी कोणत्या सालची घ्यावी, हा पुढचा मुद्दा. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले आणि शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांतही कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. इंजेक्शनची गाडी चालायला चांगली असते, पण तिचा पंप विजेवर चालतो. बॅटरी पार उतरली तर नुसत्या किकने ती सुरू होईलच याची खात्री नसते. तिचा दोष शोधायला स्कॅनरही लागतो. "ते मशीन माह्याजवळ न्हाई," हे मिस्त्रीने आपणहून सांगितले. आपल्या हाताच्या मर्यादा सांगणारा मिस्त्री भरवशाचा. गावातच दुरुस्ती व्हावी म्हणून २०२० च्या आधीची कार्बोरेटरची गाडी शोधायचे ठरले.

पहिली गाडी २०१७ ची होती, मागणी ४२,००० रुपयांची. धुऊन-पुसून अंगणात उभी, सीटवर नवे कव्हर. मिस्त्रीने रंगाकडे न पाहता इंजिनाच्या पात्यांना हात लावला. इंजिन गरम होते. म्हणजे पाहुणे यायच्या आधी कोणीतरी ती सुरू करून ठेवली होती. गरम इंजिन लवकर सुरू होते, तेल आधीच वर चढलेले असल्याने आवाजही कमी करते आणि थंडपणी दिसणारा धूर लपवते. मिस्त्री तिथूनच परत फिरला. "गाडी थंडी असतानाच पाहा लागते. सकाळी येतो भाऊ, तवरोक किक मारू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी खरोखर थंड होती. चोक ओढून चौथ्या-पाचव्या किकला सुरू झाली आणि सायलेन्सरमधून निळसर धूर आला. धुराचा रंग आणि वेळ या दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. हिवाळ्यातल्या सकाळी पांढरी वाफ निघते आणि दोन-चार मिनिटांत जाते. ते सायलेन्सरमधले पाणी असते. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. त्याचे कारण बहुधा कार्बोरेटरमध्ये किंवा चोंदलेल्या एअर फिल्टरमध्ये सापडते. निळा धूर म्हणजे इंजिनात तेल जळते आहे. तो फक्त सुरू करताना आला आणि थांबला, तर व्हॉल्व्हच्या सीलमधून रात्रभर तेल झिरपलेले असते. ते काम हेडपुरते असते. पण रेस वाढवली की पुन्हा निळा धूर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर झिजलेले असतात. इथे रेस वाढवल्यावर धूर वाढत होता.

एवढ्यावर न थांबता मिस्त्रीने प्लग काढला. निरोगी इंजिनाच्या प्लगचे टोक फिकट तपकिरी आणि कोरडे असते. हे काळे आणि तेलाने ओले निघाले. मग एअर फिल्टरचे झाकण उघडले. फिल्टर एका कडेने फाटलेला होता. फिल्टर आणि कार्बोरेटर जोडणाऱ्या रबरी नळीत मिस्त्रीने बोट फिरवून मुलापुढे धरले. बोटाला बारीक, करकरीत माती लागली होती. या नळीपर्यंत गाळलेली हवाच पोचायला हवी. तिथे माती सापडली, तर ती पुढे इंजिनातही गेली असे समजावे.

या भागात ही तपासणी फार मोलाची आहे. तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा आणि खाली काळ्या मातीचा पट्टा. पाऊस उघडला की पांदण रस्त्यांवर पिठासारखा फुफाटा उडतो. त्या धुळीतले वाळूचे कण धातूपेक्षाही कठीण असू शकतात. ते तेलात मिसळले की बोअर आणि रिंगा घासत राहतात, आणि किलोमीटर कमी असले तरी इंजिन म्हातारे होते. मीटर १९ हजार किलोमीटर दाखवत होता, पण फूटरेस्टचे रबर गुळगुळीत झालेले आणि ब्रेकच्या पायटीची खाच पुसलेली. अशा गाड्यांत मीटर पुढच्या चाकाच्या केबलवर चालतो. केबल सुटली किंवा तुटली की आकडा थांबतो, गाडी चालतच राहते. म्हणून पाय आणि हात जिथे रोज घासतात त्या जागा मीटरपेक्षा जास्त खरे बोलतात.

बोअर-पिस्टनचे काम मिस्त्रीने सहा हजारांचे सांगितले. तेवढे कमी करून सौदा होऊ शकला असता, आणि ते काम त्यालाच मिळाले असते. पण आरसीवर नाव तिसऱ्याच माणसाचे होते. विकणाऱ्याने तीन वर्षांपूर्वी गाडी घेतली, नावावर केलीच नाही. जवळ सही केलेले जुने टीटी फॉर्म होते आणि मूळ मालक पुण्याकडे गेलेला. आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजाही तसाच. बोजा उतरवायला कंपनीचे ना-हरकत पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म लागतो, नाव बदलायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, आणि या कामात मूळ मालकाची गरज पडते. नावावर न झालेल्या गाडीचा धोका दोघांनाही असतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले, की गाडी पुढे कितीही हातांतून गेली तरी अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीवर ज्याचे नाव तोच मालक धरला जाईल. घेणाऱ्याचा तोटा वेगळा: गाडी चोरीला गेली तर तिच्या विम्यावर दावा सांगणे अवघड, आणि पुढे विकणेही अवघड. "इंजिन मी बांधून देईन, कागद न्हाई बांधता येत," म्हणून मिस्त्रीने ही गाडी सोडायला लावली.

स्वस्तात मिळणाऱ्या 'एमपी पासिंग'च्या गाडीचाही विषय निघाला. सातपुड्यापलीकडे बऱ्हाणपूर जिल्हा असल्याने अशा गाड्या इकडे येतात. ती घेता येते, पण तिकडच्या कार्यालयाचे ना-हरकत पत्र, इकडची नवी नोंदणी आणि महाराष्ट्राचा वाहनकर हे सगळे धरल्यावर स्वस्ताई बरीच आटते.

आठ दिवसांनी दुसरी गाडी पाहिली. २०१८ ची, एकाच मालकाची, मागणी ४८,०००. रंग उडालेला, टाकीला एक पोचा, अंगावर धूळ. थंड इंजिन दुसऱ्या किकला लागले, धूर नाही. प्लग तपकिरी, नळी स्वच्छ. चेसिस नंबर हँडलखालच्या मानेवर आणि इंजिन नंबर खालच्या आवरणावर पाहून दोन्ही आरसीशी ताडले. दोष इथेही होतेच. मागच्या दात्यांवरून चेन बोटाने ओढली तर ती सुटून वर येत होती, म्हणजे चेनसेट संपलेला. मेन स्टँडवर लावून पुढचे चाक उचलले आणि हँडल सावकाश फिरवले, तर ते बरोबर मधोमध अडत होते. कोन सेटमध्ये छऱ्यांनी खळगे पाडलेले. मागच्या टायरवर शेवटचे चार आकडे १९१८ होते, म्हणजे २०१८ च्या एकोणिसाव्या आठवड्यातला मूळचा टायर, कडेला चिरा पडलेला. चेनसेट दीड हजार, टायर अठराशे, कोन सेट सातशे. एकूण चार हजार.

मिस्त्रीने हे तिन्ही दोष मालकासमोरच दाखवले, त्यामुळे घासाघीस फार झाली नाही. सौदा ४४,००० ला ठरला. त्यातले ३९,००० दिले आणि पाच हजार नाव बदलेपर्यंत राखून ठेवले. तसे दोघांच्या सहीने कागदावर लिहिले. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. विम्याची प्रतही त्याच वेळी पाहिली, कारण विम्यावरचे नावही बदलून घ्यावे लागते.

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी मिस्त्रीने जुने तेल काढून नवे भरले आणि एअर फिल्टर बदलला. तेल किती दिवसांपूर्वीचे आहे हे कळायला मार्ग नसतो, म्हणून जुन्या गाडीत ते विचारत न बसता बदलायचे. चेन दोन ते तीन सेंटिमीटर ढिली ठेवली. पोते आणि माणूस मागे बसल्यावर मागचे चाक दबते आणि चेन आणखी ताणली जाते. रिकाम्या गाडीवर ती ताठ केली, तर ओझ्याखाली बेअरिंग खाते. फुफाट्याच्या दिवसांत फिल्टर दर महिन्याला उघडून पाहायचा आणि फाटलेला दिसला तर त्याच दिवशी बदलायचा, असे त्याने मुलाला स्वतः झाकण उघडायला लावून दाखवले.