शेअर चढला तर साहेबांचा फायदा, पडला तर तोटा कुणाचा?

30 जानेवारी 2019. बीकेसीत मुख्यालय असलेल्या आयसीआयसीआय बँकेने जाहीर केलं की माजी प्रमुख चंदा कोचर यांची मंजूर झालेली मुदतपूर्व निवृत्ती आता बडतर्फी मानली जाईल. त्यांचे न वापरलेले सगळे स्टॉक ऑप्शन रद्द झाले आणि एप्रिल 2009 ते मार्च 2018 या काळातला बोनसही बँकेने परत मागितला. न्या. श्रीकृष्ण यांच्या चौकशी अहवालात हितसंबंधांबाबतचे नियम मोडल्याचा ठपका होता. कोचर यांनी निर्णय अमान्य करून कोर्ट गाठलं.

हे ऑप्शन म्हणजे काय? आजच्या भावाने शेअर पुढे कधीतरी विकत घेण्याचा हक्क. समजा, साहेबांना 400 रुपयांचे 10,000 ऑप्शन मिळाले. भाव 600 झाला की 400 ला घ्यायचे, 600 ला विकायचे, 20 लाख खिशात. भागधारकांचं भलं झालं तर साहेबांचंही व्हावं, हा यामागचा हेतू.

पण भाव 250 वर आला तर? तुमचे शेअर असतील तर तुमचे प्रत्येकी 150 रुपये गेले. साहेब मात्र ऑप्शन वापरतच नाहीत, त्यांच्या खिशातून एक रुपयाही जात नाही. त्यामुळे मोठी जोखीम घ्यायचा मोह होतो.

बँकेत हा मोह जास्त घातक, कारण कर्ज आज दिलं जातं आणि बुडतं काही वर्षांनी. तोवर व्याज आणि फी नफ्यात दिसते, शेअर चढतो. ऑप्शन वर्षभरातच वापरता आले तर कर्ज थकायच्या आत पैसे घेऊन माणूस मोकळा!

म्हणून रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2019 मध्ये खासगी बँकांसाठी नियम कडक केले. ते एप्रिल 2020 पासून लागू झाले. बँकप्रमुखांच्या एकूण पगाराचा किमान निम्मा भाग कामगिरीवर अवलंबून हवा, आणि त्या भागातले किमान 60 टक्के निदान तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने द्यायचे. मध्ये गडबड निघाली तर उरलेलं रोखता येतं, दिलेलं परत मागता येतं.

यातलं रोखणं सोपं, परत मिळवणं अवघड. कोचर यांचे न वापरलेले ऑप्शन बँकेने एका ठरावात रद्द केले. 2018 मध्ये ऑप्शन वापरून घेतलेल्या 6.90 लाख शेअरसाठी मात्र कोर्टात जावं लागलं. नोव्हेंबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या शेअरच्या व्यवहारांना अंतरिम मनाई केली.

कोचर प्रकरण हितसंबंधांचं होतं, घाईच्या नफ्याचं नाही. पण घाईच्या नफ्यातही पैसे एकदा हातात गेले की हीच पंचाईत. आणि तीन वर्षं तरी पुरेशी कुठे आहेत? वीज प्रकल्पाचं कर्ज पंधरा-वीस वर्षांचं असू शकतं. ते सातव्या वर्षी थकलं, तर तोवर साहेबांचा शेवटचा हप्ताही चुकता झालेला असतो.