गेममधली गाडी उड्या का मारत राहते?

जुनी गाडी विकत घेताना जाणकार मिस्त्री एक सोपी तपासणी करतो. तो बॉनेटवर दोन्ही हातांनी जोर देऊन गाडी खाली दाबतो आणि झटकन हात काढून घेतो. गाडी वर येऊन एकदा हलकीशी डुलली आणि थांबली, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर ठीक. डुलतच राहिली, तर ते बदलायला झाले. नवशिक्या गेम बनवणाऱ्यांच्या गाड्या या तपासणीत हमखास नापास होतात. रस्त्यावर सोडल्या की त्या थांबायचं नावच घेत नाहीत. मग तो बिचारा स्प्रिंग आणि डॅम्पिंगचे आकडे वर-खाली करत रात्र काढतो. खरं तर हे आकडे कागदावर काढता येतात.

आधी हे चाक असतं कसं, ते पाहू. बऱ्याच गेममधलं चाक फक्त दिसण्यापुरतं असतं. त्याला वजन नसतं, ते जमिनीला टेकतही नाही. गाडीच्या सांगाड्यातून चार ठिकाणी खाली एकेक अदृश्य किरण सोडतात, त्यालाच रेकास्ट म्हणतात. जमीन किती अंतरावर लागली हे किरण सांगतो. त्यावरून स्प्रिंग किती दबली ते कळतं आणि तेवढ्या जोराने सांगाड्याला त्या कोपऱ्यातून वर ढकललं जातं. युनिटीमध्ये एका चाकाचा सगळा हिशेब एवढाच:

```
float x = restLength + radius - hit.distance;
float v = Vector3.Dot(transform.up,
          body.GetPointVelocity(wheel.position));
float force = k * x - c * v;
if (force > 0)
    body.AddForceAtPosition(transform.up * force,
                            wheel.position);
```

`x` म्हणजे स्प्रिंग किती दबली आणि `v` म्हणजे तो कोपरा किती वेगाने वर चालला आहे. `k` हा स्प्रिंगचा कडकपणा, `c` हे डॅम्पिंग. नुसती `k` असेल तर दबताना साठलेली सगळी ऊर्जा स्प्रिंग परत करते आणि गाडी जिथून पडली जवळपास तिथवर पुन्हा उडते. ती ऊर्जा खाऊन टाकण्याचं काम `c` करतं. जोर शून्याच्या वर असेल तरच लावायचा, कारण चाक जमिनीला चिकटलेलं नसतं आणि ते गाडीला खाली ओढू शकत नाही.

आता १२०० किलोची गाडी घेऊ. प्रत्येक चाकावर ३०० किलो, म्हणजे २९४३ न्यूटन भार. कडकपणा किती ठेवायचा, या प्रश्नापासून सुरुवात केली की माणूस भरकटतो. त्याऐवजी गाडी उभी असताना स्प्रिंग किती बसलेली हवी, ते ठरवा. समजा १० सेंटिमीटर. मग २९४३ भागिले ०.१, म्हणजे `k` झाला २९,४३० न्यूटन प्रति मीटर. विषय संपला. या स्प्रिंगवर गाडी सेकंदाला सुमारे १.६ वेळा डुलते आणि नेहमीच्या मोटारीला ते शोभतं.

डॅम्पिंग या `k` वरूनच निघतं. गाडी एकदाही न डुलता जास्तीत जास्त लवकर जागेवर यावी, यासाठी लागणारं डॅम्पिंग 2√(km) इतकं असतं. आपल्या आकड्यांनी ते येतं सुमारे ५९४०. पण एवढं घातलं तर गाडी प्रत्येक खड्ड्यावर ताठ आणि निर्जीव वाटते. म्हणून त्याचा काही हिस्सा घेतात. मला ४० टक्के आवडतात, म्हणजे `c` सुमारे २३८०.

आता ही गाडी चाकं जमिनीपासून ३० सेंटिमीटर वर असताना सोडून द्या आणि `x` चा आलेख काढा. स्प्रिंग आधी साधारण २१ सेंटिमीटर दबेल, मग सुटून ७ वर येईल, पुन्हा जेमतेम पावणेअकरा आणि मग १० वर स्थिर. चाकं जमीन सोडणारही नाहीत. मिस्त्रीने पास केलं असतं.

गाडी उडते म्हणून स्प्रिंग कडक करणं, हा उपाय सगळ्यांना आधी सुचतो आणि तो हमखास उलटतो. `k` चौपट केला आणि `c` तसाच ठेवला, तर लागणारं डॅम्पिंग दुप्पट होतं. आपले ४० टक्के मग २० च उरतात. गाडी अडीच सेंटिमीटरच बसते, पण आधीपेक्षा भरभर आणि जास्त वेळा डुलते. म्हणजे `k` ला हात लावला की `c` पुन्हा काढायचाच.

दुसरा मोह म्हणजे `c` वाढवत नेणं. खऱ्या गाडीत तेलाचा विरोध क्षणोक्षणी वेगाप्रमाणे बदलतो. गेममध्ये मात्र तो ठरावीक टप्प्यांनी मोजला जातो. युनिटीत हा टप्पा मुळात ०.०२ सेकंदाचा असतो. त्या टप्प्यात डॅम्पिंग वेगाचा किती हिस्सा काढून घेईल, हे `c` गुणिले ०.०२ भागिले ३०० यावरून कळतं. `c` १५,००० असेल तर उत्तर येतं १, म्हणजे एका टप्प्यात सगळा वेग संपला. ३०,००० ला उत्तर येतं २, म्हणजे खाली येणारा कोपरा तेवढ्याच वेगाने वर फेकला गेला. डॅम्पिंगच आता गाडीला उडवू लागतं. हे उत्तर मी अर्ध्याच्या वर जाऊ देत नाही. खरोखरच जास्त कडक गाडी हवी असेल, तर टप्पा ०.०१ करावा.

उडी कुठल्या जातीची आहे, ते आलेख सांगतो. लाटा हळूहळू लहान होत असतील तर डॅम्पिंग कमी आहे. `x` दर टप्प्याला करवतीच्या दात्यांसारखा वर-खाली होत असेल तर ते जास्त आहे. लाटा मोठ्या होत चालल्या असतील तर `c` पुढचं चिन्ह उलटं पडलेलं असण्याची शक्यता मोठी. गाडी उभी-आडवी स्थिर होते, पण नाक-शेपूट झुलत राहतं, असं असेल तर `v` त्या कोपऱ्याचा न घेता सगळ्या गाडीचा घेतला गेला आहे.

एक प्रकार मात्र आकड्यांनी सुटत नाही. जोरात आपटल्यावर `x` एकदम शून्य होतो, गाडी खाली कोसळते आणि मग वर भिरकावली जाते. इथे किरणाची सुरुवातच जमिनीखाली गेलेली असते. किरणाला जमीन सापडत नाही, स्प्रिंग गायब होते, गाडीचं पोट जमिनीत घुसतं आणि इंजिन ते धक्का देऊन बाहेर काढतं. हे पुन्हा पुन्हा होत राहतं. किरण सांगाड्यात बराच वरून सोडावा, जादा उंची हिशेबातून वजा करावी आणि किरणाने गाडीच्याच भागांना जमीन समजू नये म्हणून गाडीचा लेयर त्यातून वगळावा.

सर्वांत जास्त घोळ उसन्या आकड्यांनी होतो. आपले २९,४३० जसेच्या तसे ३००० किलोच्या ट्रकला दिले, तर तो उभ्या जागी २५ सेंटिमीटर खचेल. बुलेट या फिजिक्स इंजिनातली रेकास्ट गाडी तर जोर काढताना शेवटी त्याला गाडीच्या वस्तुमानाने गुणते, त्यामुळे आपलीच स्प्रिंग तिथे २४.५ अशी लिहावी लागते. तिथे २९,४३० टाकलेत तर स्प्रिंग भलतीच कडक होईल. तेव्हा कुणाचेही आकडे उचलण्याआधी ते न्यूटनमध्ये आहेत की वस्तुमानाने भागलेले, एवढं नक्की पाहून घ्या.