मधल्या पाकळीपासून सुरुवात

अकरावीच्या संच प्रकरणात पहिले उदाहरण सोपे असते. 60 मुलांपैकी 35 जणांना क्रिकेट आवडते, 30 जणांना कबड्डी आणि 12 जणांना दोन्ही. 35 + 30 = 65 ही बेरीज मुलांच्या संख्येहून जास्त, कारण ते 12 जण दोनदा मोजले गेले. 65 − 12 = 53, म्हणजे 7 जणांना काहीच आवडत नाही.

खरी अडचण तिसऱ्या वर्तुळाने येते. 100 वाचकांपैकी मराठी वृत्तपत्र 50, हिंदी 40 आणि इंग्रजी 30 जण वाचतात. मराठी-हिंदी 15, हिंदी-इंग्रजी 10, मराठी-इंग्रजी 12, तिन्ही 5. फक्त मराठी किती? अनेक जण 50 − 15 − 12 = 23 लिहितात आणि चुकतात. त्या 15 आणि 12 या दोन्हींत तिन्ही वाचणारे 5 जण आहेत. ते दोनदा वजा झाले.

म्हणून वेन आकृती मधून बाहेर भरावी. मध्यभागी 5, मग केवळ दोन वृत्तपत्रे वाचणारे 10, 5 आणि 7. फक्त मराठी: 50 − 10 − 7 − 5 = 28. तसेच फक्त हिंदी 20, फक्त इंग्रजी 13. सर्वांची बेरीज 88, उरले 12.

एखाद्या भागात ऋण संख्या आली, तर वाचनातच गफलत झाली आहे: बहुधा ‘फक्त दोन’ आणि ‘दोन’ यांत.