शाळेतले समुपदेशन: सांगावे की ऐकावे?

निर्देशात्मक समुपदेशनात सूत्रे समुपदेशकाच्या हाती असतात. तो माहिती गोळा करतो, अडचणीचे निदान करतो आणि उपाय सुचवतो. दहावीनंतरची शाखा निवडताना ही पद्धत पुरते. कार्ल रॉजर्स यांनी १९४२ मध्ये मांडलेल्या अनिर्देशात्मक पद्धतीत दिशा मूल ठरवते. समुपदेशक निवाडा न करता ऐकतो.

समजा, सातवीतली एक मुलगी गृहपाठ देईनाशी झाली. बाई वेळापत्रक आखून देतात, ते आठवडाभरात बारगळते. मग त्या एवढेच म्हणतात, ‘घरी गेल्यावर वही उघडावीशीच वाटत नाही, होय ना?’ आणि गप्प राहतात. बऱ्याच वेळाने उत्तर येते, ‘घरी रोज भांडणं होतात.’ वेळापत्रकातून हे बाहेर आले नसते.

मात्र उदासी, झोप-भूक बिघडणे, मैत्रिणींना टाळणे हे दोन आठवडे टिकले, तर पालकांशी बोलून तिला तज्ज्ञाकडे पाठवावे. मरणाची भाषा निघाली तर त्याच दिवशी, आणि तोवर तिला एकटे सोडू नये. ‘कुणालाच सांगणार नाही’ असे वचन आधीच देऊन बसणे ही शिक्षकांची नेहमीची चूक. लैंगिक अत्याचाराचा संशय आला, तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवावेच लागते.