रात्री नऊ वाजता चित्र धूसर का होते?

बुलढाणा जिल्ह्यातील चिखली तालुक्यात असलेल्या उंद्रीसारख्या गावात चित्रपट, मालिका आणि क्रिकेटचे सामने आता मोबाइलवर किंवा फायबरच्या जोडणीवर पाहिले जातात. दुपारी स्वच्छ दिसणारे चित्र रात्री आठ ते अकराच्या दरम्यान धूसर झाले किंवा मध्येच थांबले, की दोष घेतलेल्या योजनेच्या वेगाला दिला जातो. काही वेळा तो निष्कर्ष बरोबरही असतो. पण पुष्कळदा घरापर्यंतची तार ठणठणीत असते आणि अडथळा दूर कोठेतरी असतो. चित्रफितीची प्रत प्रेक्षकापासून किती जवळ ठेवलेली आहे आणि दोन कंपन्यांची जाळी जेथे एकमेकांना जोडली जातात तेथील वाट किती रुंद आहे, या दोन गोष्टींवर संध्याकाळचे चित्र मुख्यतः ठरते.

इंटरनेटवरून येणारी चित्रफीत अखंड प्रवाहाच्या रूपात येत नसून काही सेकंदांच्या लहान लहान तुकड्यांत येते, आणि प्रत्येक तुकडा स्पष्टतेच्या अनेक पायऱ्यांवर आधीच तयार करून ठेवलेला असतो. प्रेक्षकाच्या उपकरणातील अ‍ॅप मागील तुकडा किती वेगाने उतरला आणि पुढचे किती सेकंद साठ्यात आहेत हे पाहून पुढील तुकडा कोणत्या पायरीचा मागायचा ते ठरवते, म्हणून वाट अरुंद झाली की प्रथम चित्र धूसर होते आणि साठा पूर्ण संपल्यावरच ते फिरणारे चक्र दिसते. चित्र धूसर होणे हा बिघाड नसून थांबणे टाळण्यासाठी अ‍ॅपने केलेली तडजोड आहे.

हे तुकडे ज्या संगणकांवरून येतात त्यांच्या विस्तृत जाळ्याला कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क किंवा सीडीएन म्हणतात. कंपनीच्या मूळ संगणकावरून प्रत्येक प्रेक्षकाला स्वतंत्र प्रत पाठवण्याऐवजी शहरोशहरी साठवण-संगणक ठेवायचे आणि मागणी जवळच्या संगणकाकडे वळवायची, ही त्यामागील कल्पना आहे. नेटफ्लिक्सची ओपन कनेक्ट यंत्रे आणि गूगलची ग्लोबल कॅश यंत्रे तर थेट इंटरनेट पुरवठादारांच्या इमारतींत बसवली जातात. चित्रपट किंवा मालिकेचा भाग आधीच तयार असल्याने त्याची प्रत वाहतूक कमी असताना, म्हणजे पहाटेच्या सुमारास, भरून ठेवता येते आणि संध्याकाळी मूळ ठिकाणाहून काहीच आणावे लागत नाही.

थेट सामन्याला ही सोय नसते, कारण पुढचा चेंडू टाकला जाण्यापूर्वी त्याचे चित्र अस्तित्वातच नसते. तेथे साठवण-संगणक प्रत्येक नवा तुकडा वरून एकदाच मागवतो आणि त्याच क्षणी तो मागणाऱ्या हजारो प्रेक्षकांना तीच प्रत देतो. 19 नोव्हेंबर 2023 रोजी झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात डिस्ने प्लस हॉटस्टारवर एकाच वेळी 5.9 कोटी प्रेक्षक असल्याचे कंपनीने जाहीर केले होते. प्रत्येकासाठी सेकंदाला सरासरी 2 मेगाबिट एवढा माफक वेग धरला तरी एकूण वाहतूक 118 टेराबिट, म्हणजे 1,18,000 गिगाबिट होते. एवढा भार एका ठिकाणाहून उचलणे अशक्य असल्याने तो असंख्य ठिकाणी वाटल्याशिवाय असा सामना दाखवताच येत नाही.

मात्र साठवण-संगणकापासून घरापर्यंतच्या वाटेवर प्रत्येक प्रेक्षकाची प्रत स्वतंत्रच धावते, आणि तालुक्याच्या ठिकाणचे खरे दुखणे येथे आहे. एखाद्या लहान पुरवठादाराचे 2,000 ग्राहक असून प्रत्येकाने 50 मेगाबिटची योजना घेतली आहे असे उदाहरणादाखल समजू. विकलेला एकूण वेग 100 गिगाबिट होतो, पण सर्वजण एकाच क्षणी पूर्ण वेग वापरत नसल्याने त्याने वरच्या मोठ्या कंपनीकडून 2 गिगाबिटचीच जोडणी घेतलेली असते, आणि दिवसभर ती पुरतेही. रात्री नऊला मात्र 600 घरांत प्रत्येकी 5 मेगाबिटची चित्रफीत सुरू झाली की मागणी 3 गिगाबिटवर जाते आणि प्रत्येकाच्या वाट्याला 3.3 मेगाबिट उरतात, म्हणून सगळ्यांचेच चित्र एकेक पायरी खाली येते. साठवण-संगणक या पुरवठादाराच्या स्वतःच्या खोलीत असता तर ते 3 गिगाबिट बाहेरच्या तारेवर आलेच नसते; परंतु अशी यंत्रे सहसा ठरावीक किमान वाहतूक असलेल्या पुरवठादारांनाच दिली जातात. मग ती वरच्या कंपनीकडे, मोठ्या शहरात राहतात आणि तालुक्याकडे येणारी तार सहाशे स्वतंत्र प्रतींनी भरून जाते. मोबाइलवर पाहणाऱ्यांच्या बाबतीत याच तारेची जागा टॉवर घेतो, कारण त्याच्या एका दिशेची क्षमता त्या दिशेतील सर्व फोनांत वाटली जाते, आणि तेथे सीडीएनचा काहीच उपाय चालत नाही.

दुसरा अडथळा जाळ्यांच्या सांध्यावर असतो. प्रेक्षकाचा पुरवठादार आणि सीडीएन ही दोन वेगळ्या मालकीची जाळी असल्याने ती कोठेतरी जोडावी लागतात, आणि मधल्या तिसऱ्या कंपनीला वाहतुकीचे पैसे न देता केलेल्या अशा थेट जोडणीला पिअरिंग म्हणतात. भारतात त्यासाठी 2003 मध्ये ‘निक्सी’ ही संस्था स्थापन झाली, आणि मुंबईत आज डीई-सिक्ससारखी इतर विनिमय केंद्रेही चालतात. मोठ्या कंपन्या याखेरीज आपापसांत खासगी तारही टाकतात. प्रत्येक जोडणीच्या तोंडाची क्षमता 10 किंवा 100 गिगाबिट अशी ठरलेली असते. ती काठोकाठ भरली की डेटाच्या पुड्या रांगेत थांबतात आणि रांग ओसंडली की गळतात. वाढीव जोडणीचा खर्च कोणी सोसायचा यावर दोन्ही पक्ष अडून बसले, तर हे तोंड महिनोन्‌महिने रोज संध्याकाळी तुंबलेले राहू शकते. अमेरिकेत नेटफ्लिक्स आणि कॉमकास्ट यांच्यात असेच घडले. फेब्रुवारी 2014 मध्ये थेट जोडणीचा सशुल्क करार झाला आणि त्यानंतर कोणाच्याही घरची तार न बदलता ग्राहकांचा वेग वाढला.

येथे किलोमीटरच्या अंतरापेक्षा वळसा अधिक महागात पडतो. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जात असल्याने मुंबईपासून 500 किलोमीटरच्या तारमार्गावर जाऊन-येऊन जेमतेम 5 मिलिसेकंद लागतात. थेट वाट भरल्यामुळे मागणी सिंगापूरच्या संगणकाकडे गेली, तर हाच काळ त्याच्या दसपटीपलीकडे जातो, आणि पुड्या थोड्या जरी गळत असल्या तरी पोच उशिरा मिळत असल्याने पाठवणारा संगणक वेग बराच आवरता घेतो. परदेशी डीएनएस सेवा वापरल्यानेही कधीकधी असा वळसा पडतो, कारण काही सीडीएन प्रेक्षकाचे ठिकाण डीएनएसच्या ठिकाणावरून ओळखतात.

दोष कोठे आहे हे प्रेक्षकाला बऱ्याच अंशी घरबसल्या कळू शकते. साधी वेगचाचणी बहुधा पुरवठादाराच्या जाळ्यातील किंवा जवळच्या संगणकाशी होते, तर fast.com ही चाचणी नेटफ्लिक्सच्या संगणकांशी होते. रात्री नऊला पहिलीत 45 आणि दुसरीत 4 मेगाबिट आले, तर घरची तार निर्दोष असून अडथळा पुरवठादाराच्या बाहेरच्या जोडणीत किंवा जाळ्यांच्या सांध्यावर आहे असे मानता येते. दोन्हींत वेग पडला आणि पहाटे सहाला दोन्हींत पूर्ववत आला, तर पुरवठादाराचे स्वतःचे जाळे किंवा त्याची बाहेरची जोडणी अपुरी असण्याची शक्यता आहे. पहाटेही वेग नसेल, तर घरातील वाय-फाय किंवा तार तपासावी. यूट्यूबच्या ‘Stats for nerds’ या चौकटीतील ‘Buffer Health’ हा आकडा साठ्यातील सेकंद दाखवतो, आणि तो सतत शून्याकडे घसरत असेल तर तुकडे वेळेवर येत नाहीत हे स्पष्ट होते.

अशा वेळी अधिक वेगाची योजना घेण्यापूर्वी ग्राहकांनी या दोन्ही चाचण्यांचे आकडे वेळेसह लिहून पुरवठादारापुढे ठेवावेत, आणि त्याची बाहेरची जोडणी किती क्षमतेची आहे व साठवण-संगणक कोणत्या शहरात आहे, हे स्पष्ट विचारावे. कारण वाट तेथे तुंबलेली असेल तर 50 ऐवजी 100 मेगाबिटचे पैसे भरूनही रात्री नऊचे चित्र सुधारणार नाही.